पंचेचाळीस मिनिटं आणि एक फळा

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतींत वर्षानुवर्षं फिरणारा एक प्रश्न आहे. लिंक्ड लिस्ट नावाची माहितीची एक साखळी असते. तिच्या प्रत्येक कडीत थोडी माहिती असते आणि पुढची कडी कुठे आहे त्याचा पत्ता असतो, खजिन्याच्या शोधात लपवलेल्या चिठ्ठ्यांसारखा. आता एखाद्या चिठ्ठीवर चुकून आधीच्याच एका चिठ्ठीचा पत्ता लिहिला गेला, तर शोधणारा गोल गोल फिरत राहील. साखळीत असं वर्तुळ आहे की नाही, ते ओळखायचं. अट एकच, पण जाचक: पाहिलेल्या चिठ्ठ्यांची यादी करून ठेवायची नाही, म्हणजे जास्तीची मेमरी वापरायची नाही.

उत्तर ऐकलं की कुणालाही पटतं. एकाच वेळी दोघांना साखळीवर सोडायचं. एक जण एकेक कडी चालेल, दुसरा दोन-दोन कड्यांच्या उड्या मारेल. साखळी सरळ असेल तर उड्या मारणारा टोकाला पोचून थांबेल. वर्तुळ असेल तर दोघंही त्यात अडकतील आणि वेगवान गडी मागून येऊन हळू चालणाऱ्याला गाठेल. या युक्तीला ससा-कासवाची युक्ती म्हणतात आणि तिचं श्रेय रॉबर्ट फ्लॉइड या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाला दिलं जातं.

इथे दोन सालं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. लिंक्ड लिस्ट ही रचना ॲलन न्यूवेल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी 1955-56 च्या सुमारास वापरात आणली. फ्लॉइडच्या नावाने ही युक्ती छापील पुस्तकात दिसते ती डोनाल्ड नुथच्या 1969 च्या ग्रंथात. मधली डझनभर वर्षं जगातली हुशार माणसं या साखळ्या रोज हाताळत होती. मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला मात्र ही युक्ती पंचेचाळीस मिनिटांत, फळ्यासमोर उभं राहून सुचावी अशी अपेक्षा असते. तरीही बऱ्याच जणांना ती ‘सुचते’, कारण आदल्या रात्री त्यांनी ती वाचलेली असते.

पुण्यात हिंजवडीतल्या एका कंपनीतला एक अनुभवी इंजिनिअर हा प्रश्न बरीच वर्षं विचारत आला होता. त्याचं नाव इथे देत नाही. त्याच्यासारखे मुलाखतकार त्या परिसरातल्या प्रत्येक इमारतीत सापडतील. कॉलेजात प्लेसमेंटची तयारी करताना त्याने हा प्रश्न सोडवला होता, स्वतःच्या मुलाखतीत त्याला तोच आला होता, आणि पुढे खुर्चीची बाजू बदलल्यावर त्यानेही तोच विचारायला घेतला. प्रश्न असेच वारशाने चालत येतात. कंपनीला माणूस कशासाठी हवा आहे, याच्याशी त्यांचा संबंध असेलच असं नाही.

एका दुपारी त्याच्यासमोर आलेल्या उमेदवाराला आठ वर्षांचा अनुभव होता. सोलापूरकडच्या कॉलेजात शिकलेली ही बाई बँकांच्या हिशेबांचा मेळ घालणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत होती. दिवसभरात लाखो व्यवहार होतात. रात्री दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहायच्या, जे जुळत नाहीत ते वेगळे काढायचे आणि सकाळी शाखा उघडायच्या आत निस्तरायचे. फळ्यावर प्रश्न लिहिला गेला. पाहिलेल्या कड्यांची यादी ठेवून वर्तुळ ओळखायचं उत्तर तिने पाचेक मिनिटांत अचूक लिहिलं. रिकामी साखळी आली तर काय, एकच कडी स्वतःकडेच बोट दाखवत असेल तर काय, हेही तिने न विचारता तपासलं.

“छान. आता यादी न ठेवता करा,” तो म्हणाला.

ती थांबली. दोन-तीन दिशांनी सुरुवात केली, पुसलं. “बोलत बोलत विचार करा,” तो म्हणाला. त्यावर तिचं बोलणंच बंद झालं. शेजारी बसलेला दुसरा सहकारी लॅपटॉपवर टिपणं घेत होता; बटणांचा आवाज झाला की तिची नजर तिकडे जायची. पहिल्या भागात सहज लिहिलेली एक ओळ तिने दुसऱ्यांदा लिहिताना चुकवली, ती चूक तिच्याच लक्षात आली, आणि मग हातातला मार्कर नुसताच हातात राहिला. वेळ संपली.

शेवटी रिवाजाप्रमाणे त्याने विचारलं, “तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?”

“तुमचं पेमेंट गेटवे टाइमआउट झालं तर तुम्ही रिक्वेस्ट परत पाठवता का?” तिने विचारलं. “पाठवत असाल तर पैसे दोनदा कापले जाण्याचं काय करता?”

त्याच्या टीमकडे नेमक्या अशाच तक्रारी पडून होत्या. तो जरा चाचरला. मग तिने त्याच फळ्यावर तीन चौकोन काढले: ग्राहक, कंपनीचा सर्व्हर, गेटवे. निरोप कुठे हरवू शकतो, हरवला तर कुणाला काय माहीत असतं आणि कुणाला नसतं, हे तिने चार-पाच मिनिटांत मांडलं. इतका वेळ इंग्रजीत चाललेलं बोलणं कधी मराठीत आलं, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आवाज बदलला होता, हात मोकळा झाला होता.

मुलाखतीच्या फॉर्मवर मात्र रकाने होते ते असे: प्रश्न सुटला का, किती वेळात, किती मदत लागली. शेवटच्या चार-पाच मिनिटांसाठी रकानाच नव्हता. त्याने ‘नाही’ अशी खूण केली, सहकाऱ्यानेही केली, आणि उमेदवार बाद झाला. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं, आणि हेच त्याच्या डोक्यातून जाईना. कंपनीला जे काम करणारं माणूस हवं होतं ते तिला येत होतं. जे तपासलं गेलं त्याची त्या कामात कधी गरज पडली नसती.

फळ्यासमोर गोठून जाणं हा एकट्यादुकट्याचा अनुभव नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट इथल्या संशोधकांनी 2020 मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकशास्त्राचे 48 विद्यार्थी घेतले आणि त्यांचे दोन गट पाडले. सगळ्यांना प्रश्न तोच. एका गटाने नेहमीच्या मुलाखतीसारखं, समोर माणूस बसलेला असताना, मोठ्याने विचार बोलून दाखवत तो फळ्यावर सोडवायचा. दुसऱ्या गटाने फळ्यावरच, पण खोलीत एकट्याने. समोर माणूस असलेल्यांची कामगिरी निम्म्याहूनही खाली गेली. त्यातली एक गोष्ट जास्त बोचते: माणसासमोर सोडवणाऱ्या गटातली एकही मुलगी उत्तीर्ण झाली नाही, आणि एकटीने सोडवणाऱ्या सगळ्या मुली झाल्या. मुलींची संख्या फार थोडी होती, त्यामुळे यावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, आणि संशोधकांनीही तो काढलेला नाही. पण माणूस पाहतो आहे म्हणून डोकं चालेनासं होणं आणि डोकंच नसणं या दोन गोष्टी मुलाखतीच्या कागदावर सारख्याच दिसतात, एवढं त्यातून नक्की कळतं.

हिंजवडीच्या या इंजिनिअरने पहिल्यांदा प्रश्न बदलला. सोपा केला नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. न्याय्य प्रश्न म्हणजे सोपा प्रश्न, असा समज कंपन्यांमध्ये फार आहे. त्याने कसोटी वेगळी लावली. उमेदवार या प्रश्नात अडला, तर तो कामातही अडेल का? ससा-कासवाच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ होतं. म्हणून त्याने टीमच्या रोजच्या डोकेदुखीतून एक तुकडा उचलला, त्यातलं अनावश्यक काढून टाकलं आणि उमेदवाराच्या हाती चालता, पण सदोष कोड द्यायचं ठरवलं:

```python
def pay(order_id, amount):
    if db.find(order_id) is None:
        gateway.charge(amount)
        db.save(order_id, amount)
    return "OK"
```

प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही हे वाचता येईल. ऑर्डरचा क्रमांक आपल्या वहीत आहे का ते पाहा. नसेल तर गेटवेकडून पैसे कापून घ्या, मग वहीत नोंद करा. दिसायला निर्दोष आहे. प्रश्न असा: काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जात आहेत. कसे जात असतील, आणि तुम्ही काय कराल?

पहिलं भोक बऱ्याच जणांना सापडतं. ग्राहकाने घाईत बटण दोनदा दाबलं, तर दोन रिक्वेस्ट जवळजवळ एकाच क्षणी येतात. दोघी वही उघडतात, दोघींना नोंद दिसत नाही, दोघी पैसे कापतात. दुसरं भोक जरा खोल आहे. पैसे कापले गेले आणि नोंद होण्याआधीच सर्व्हर बंद पडला. ग्राहक पुन्हा प्रयत्न करतो, वही कोरीच असते. तिसरं भोक यूपीआय वापरणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचं आहे, ते म्हणजे लटकलेलं पेमेंट. गेटवेकडून उत्तरच आलं नाही. पैसे कापले गेले की नाही, हे कंपनीला खरोखरच माहीत नसतं, आणि ‘उत्तर आलं नाही’ याचा अर्थ ‘कापले नाहीत’ असा धरला की गोंधळ सुरू होतो.

दुरुस्तीलाही पायऱ्या आहेत. पैसे कापण्याआधीच वहीत ‘चालू आहे’ अशी नोंद करायची आणि एका क्रमांकाची दुसरी नोंद डेटाबेसनेच नाकारावी अशी सोय करायची. मग दुसरी रिक्वेस्ट दारातच अडते. गेटवेला प्रत्येक वेळी तोच क्रमांक पाठवायचा, म्हणजे तोच व्यवहार पुन्हा आला आहे हे त्यालाही ओळखता येतं. उत्तर आलं नाही तर ‘फेल’ असा शिक्का न मारता गेटवेला स्थिती विचारायची. खरा अनुभवी माणूस याच्याही पुढे जातो. ‘चालू आहे’ अशी नोंद करून सर्व्हर कोसळला, तर ती नोंद कायमची अडकून राहील. ती कोण सोडवणार, किती वेळाने, आणि तोवर ग्राहकाला पडद्यावर काय दिसेल? इथे एकच बरोबर उत्तर नाही. म्हणूनच इथे माणूस कळतो.

असा प्रश्न थेट उमेदवारावर टाकला असता तर तोही अन्यायच झाला असता. त्याने आधी तो आपल्याच टीममधल्या काही जणांना घातला, आणि तिथे दोन गोष्टी उघड झाल्या. एक म्हणजे ऑर्डरचा क्रमांक कोण तयार करतं, हे प्रश्नात लिहिलंच नव्हतं. प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर नवा क्रमांक तयार होतो, असं एका सहकाऱ्याने धरलं, आणि तसं धरल्यावर त्याचं सगळं उत्तर वेगळ्या वाटेने गेलं. त्या गृहीतकावर ते चूक नव्हतं. बाहेरच्या उमेदवाराने हेच केलं असतं तर ‘प्रश्न कळला नाही’ असा शेरा पडला असता. दुसरी गोष्ट वेळेची. प्रश्न ज्याने बनवला त्याला तो दहा मिनिटांचा वाटत होता. रोज तेच काम करणाऱ्या सहकाऱ्यांना वीसच्या आसपास लागली. पंचेचाळीस मिनिटांत उमेदवाराकडून याशिवाय आणखी एक प्रश्न सोडवून घ्यायचा बेत मग रद्द झाला.

या प्रश्नात एक खोट मात्र उरतेच. पेमेंटच्या क्षेत्रातून आलेल्याला तो घरचा वाटतो. गाड्यांच्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर लिहिणारा चांगला प्रोग्रामर इथे उगाच मागे पडू शकतो. म्हणून कोडसोबत अर्ध्या पानाची माहिती दिली जाऊ लागली: गेटवे काय करतं, डेटाबेस कोणत्या गोष्टींची हमी देतो, टाइमआउट म्हणजे काय. माहिती नसल्यामुळे अडणारा आणि विचार करता न आल्यामुळे अडणारा यांच्यातला फरक दिसायला त्याने मदत झाली. पूर्ण समता आली असं नाही.

मग खोलीची पाळी. फळा गेला, लॅपटॉप आला. कोड चालवून पाहता येऊ लागलं, कारण नोकरीत कुणीही फळ्यावर कोड लिहीत नाही. पानभर माहिती आणि कोड हातात देऊन मुलाखतकार पहिली पंधरा मिनिटं खोलीबाहेर जाऊ लागले. परत आल्यावर संभाषण. मराठीत किंवा हिंदीत विचार मांडले तरी चालतील, हे सुरुवातीलाच सांगायचं ठरलं. परदेशी ग्राहकांशी बोलावं लागणाऱ्या जागेसाठी इंग्रजी हवंच, पण ते वेगळं तपासायचं. डेटाबेसच्या उत्तराआड दडवून नाही. अडलेल्याला द्यायच्या सूचनाही लिहून ठरवल्या गेल्या. आधी हे मुलाखतकाराच्या मनावर असायचं. आपल्याच कॉलेजचा मुलगा अडला की सूचना लवकर सुटायची, आणि याची कुणाला जाणीवही नसायची.

सगळ्यात जास्त विरोध झाला तो गुणपत्रिकेला. नव्या फॉर्मवर चार बाबी होत्या: दोष शोधणं, दुरुस्ती, दुरुस्तीचे परिणाम ओळखणं आणि समजावून सांगणं. प्रत्येकीला 1 ते 4 गुण, आणि कोणत्या गुणाला काय ऐकू यायला हवं, तेही लिहिलेलं. दुरुस्तीत 2 म्हणजे फक्त दुहेरी क्लिक अडवलं. 3 म्हणजे सर्व्हर कोसळल्यानंतरचा विचार केला. 4 म्हणजे अडकलेल्या नोंदींचीही सोय सांगितली. दोन्ही मुलाखतकारांनी एकमेकांशी बोलण्याआधी गुण लिहून टाकायचे. ज्येष्ठ मंडळी कुरकुरली. इतक्या वर्षांच्या अनुभवाने माणूस पाच मिनिटांत कळतो, त्याला तक्ता कशाला?

हीच कुरकुर सत्तर वर्षांपूर्वी इस्रायलच्या सैन्यात झाली होती. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेले डॅनियल कानेमन तेव्हा विशीतले लेफ्टनंट होते आणि भरती झालेल्या तरुणांच्या मुलाखतींची पद्धत सुधारण्याचं काम त्यांच्याकडे आलं. जुन्या पद्धतीत मुलाखतकार वीसेक मिनिटं मोकळ्या गप्पा मारून सैनिकाबद्दल मत बनवायचे, आणि त्या मताचा पुढच्या कामगिरीशी जवळजवळ संबंध नसायचा. कानेमननी सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी माणसाच्या प्रत्यक्ष वागण्याबद्दलचे नेमके प्रश्न दिले, आणि एका गुणाला आकडा दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही असा नियम केला. म्हणजे पहिल्याच उत्तराने पडलेली छाप बाकीच्यांवर पसरू नये. आपल्याला यंत्रमानव करून टाकलं जातंय, अशी मुलाखतकारांची तक्रार आली. तेव्हा त्यांनी एक सवलत दिली: सगळे आकडे भरून झाले की डोळे मिटा आणि हा सैनिक कसा निघेल याचा एकच अंदाजी आकडाही लिहा. काही महिन्यांनी पडताळा घेतला तेव्हा सहा आकड्यांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा पुष्कळ सरस ठरली. गंमत म्हणजे डोळे मिटून दिलेला आकडाही तेवढाच उपयोगी निघाला. अंतःप्रेरणा निकामी नव्हती; ती फक्त आकड्यांच्या आधी न येता नंतर यायला हवी होती.

हिंजवडीत नेमकी हीच तडजोड झाली. फॉर्मच्या तळाशी ‘एकूण मत’ असा रकाना आला, पण वरचे चार भरल्यावरच भरायचा.

या सगळ्याने अचूक निवड होते, असा दावा कुणी करू नये. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये अनेक दशकांच्या अभ्यासांची फेरमांडणी केली. आखीव मुलाखतीतले गुण आणि पुढची कामगिरी यांचा संबंध 0 ते 1 च्या मोजपट्टीवर 0.42 आला, मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा 0.19. तपासलेल्या सगळ्या पद्धतींत आखीव मुलाखत वरच्या नंबरावर होती, आणि तरी ती अर्ध्यावरही पोचत नाही. शिवाय कंपनीला आपली एक चूक कधीच दिसत नाही. चुकून घेतलेला माणूस सहा महिन्यांत कळतो; चुकून नाकारलेला दुसरीकडे उत्तम काम करत असतो, आणि त्याची कुठल्याच फाइलीत नोंद होत नाही.

प्रश्नाला आयुष्यही असतं. काही काळ गेल्यावर गुणपत्रिकांमध्ये एक विचित्र नक्षी दिसू लागली: ‘दोष शोधणं’ या रकान्यात एकामागून एक 4, आणि ‘परिणाम ओळखणं’मध्ये 1. उमेदवार कोड पुरतं वाचायच्या आत नेमका पारिभाषिक शब्द उच्चारत होते, पण अडकलेल्या नोंदीचं काय, असं विचारलं की गप्प होत होते. प्रश्न बाहेर फुटला होता, बहुधा तयारी करणाऱ्यांच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. जुन्या पद्धतीत हे उघडकीला यायला वर्षं लागली असती, कारण तिथे पाठ केलेलं उत्तरच पूर्ण गुण मिळवायचं. आता टीमने पेमेंट बाजूला ठेवून एसटीच्या शेवटच्या सीटचं आरक्षण घेतलं आहे: दोन प्रवासी, एक जागा, आणि मध्येच गेलेलं नेटवर्क. तो प्रश्न सध्या सहकाऱ्यांवर आजमावून पाहणं चालू आहे, आणि पहिल्याच खेपेत कळलं आहे की सीट किती मिनिटं राखून ठेवायची, हे प्रश्नात लिहायचं राहिलं होतं.